चिठ्ठ्यांची भिंत आणि एसटीचा फलक

समजा, डिझाइन शिकणाऱ्या एका मुलीने तालुक्याच्या एसटी स्टँडवरचं वेळापत्रक नव्याने मांडलं. काम चांगलं झालं, पण तिच्या पोर्टफोलिओतलं त्याचं पान उघडलं की आधी दिसते ‘डबल डायमंड’ची आकृती, मग रंगीत चिठ्ठ्यांनी भरलेली भिंत, मग एका काल्पनिक प्रवाशाचं व्यक्तिचित्र. फलक पार तळाशी. डबल डायमंड ही ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने मांडलेली पद्धत. ती आकृती वर्गातल्या सगळ्यांच्याच पानांवर असते, त्यामुळे या मुलीबद्दल ती काहीच सांगत नाही. निवड करणाऱ्यापुढे अशा पानांचा ढीग असतो. तो तळापर्यंत जाईलच असं नाही.

काम ज्या क्रमाने झालं, त्याच क्रमाने पान लावायला हवं असं थोडंच आहे? सगळ्यात वर स्टँडवर लावलेल्या नव्या फलकाचा मोठा फोटो यावा. खाली दोन ओळी: काय केलं, किती आठवड्यांत, आणि गटाचं काम असेल तर त्यात तिचं स्वतःचं काय. हे शेवटचं बरेच जण गाळतात आणि मुलाखतीत अडकतात.

मग अडचण. ‘प्रवाशांना माहिती मिळत नाही’ हे वाक्य कुठल्याही फलकाला चालेल. त्याऐवजी तिने लिहावं: ‘जुन्या फलकावर गाड्या सुटण्याच्या वेळेनुसार लावल्यात, प्रवासी मात्र गावाचं नाव शोधतो; म्हणून त्याला अख्खा फलक वाचावा लागतो.’ शेजारी जुन्या फलकाचा फोटो असला की झालं.

प्रक्रियेत चाळीस स्केचेस नकोत. ज्यांनी निर्णय बदलला ती तीन पुरेत. पहिल्यात गावं अकारविल्हे लावली होती. पण त्यात गाडीचं शेवटचं ठिकाणच होतं, मधल्या गावाचा माणूस गोंधळला. दुसऱ्यात मार्गानुसार गट करून मधली गावंही घातली. मग अक्षरं इतकी बारीक झाली की बाकावरून दिसेनात. हे कळलं ते खऱ्या मापाची छपाई भिंतीवर चिकटवल्यावर, स्क्रीनवर नव्हे. तिसऱ्यात फक्त मोठे थांबे राहिले. चित्राखाली ‘स्केच 2’ असं लिहिण्याऐवजी ते का सोडलं हे लिहावं. घाईत चाळणारा माणूस परिच्छेद सोडतो, चित्राखालची ओळ मात्र वाचतो.

निकालात खरी कसोटी असते. तिने 6 प्रवाशांना पुढची गाडी शोधायला सांगितली, 5 जणांना ती सापडली. इथे ‘83 टक्के यश’ लिहायचा मोह होतो. सहा माणसांचे टक्के काढणं मला तरी फसवणूकच वाटते. ‘6 पैकी 5’ असंच लिहावं. आणि सहाव्या आजी? त्यांना वाचता येत नव्हतं, त्या सरळ चौकशीच्या खिडकीकडे गेल्या. हा फलक त्यांच्या कामाचा नाही, हेही त्याच पानावर, त्याच मापाच्या अक्षरांत यायला हवं.