टीडीएस कापला, तरी कर उरतोच

बँकेने मुदत ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापला की त्या व्याजाचा कर मिटला, असं बरेच नोकरदार धरून चालतात. पण पॅन दिलेला असेल तर बँक १० टक्केच कापते. तुमचा पगार किती, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. उरलेला कर विवरणपत्र भरताना आपणच काढून भरायचा. हाच सेल्फ असेसमेंट टॅक्स.

आर्थिक वर्ष २०२४-२५ आणि नवी करप्रणाली धरून एक हिशेब मांडू. पगार १५,७५,००० रुपये. ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन राहिले १५ लाख. त्यावर उपकरासह कर १,४५,६०० आणि तेवढा कंपनीने कापला. शिवाय मुदत ठेवींचं व्याज २ लाख. बँकेने २०,००० कापून खात्यात १,८०,००० जमा केले. इथे पासबुक पाहून १,८०,००० लिहू नका. उत्पन्न पूर्ण २ लाख दाखवायचं, तरच कापलेल्या २०,००० चं श्रेय मिळतं.

१५ लाखांच्या वर ३० टक्के दर असल्याने या व्याजावर उपकरासह ६२,४०० कर बसतो. एकूण कर झाला २,०८,०००. त्यातून १,६५,६०० टीडीएस वजा केला की राहतात ४२,४००. ही रक्कम १०,००० किंवा जास्त असली की वर्षभरात चार हप्त्यांत आगाऊ कर भरावा लागतो. (व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे.) आपल्या गृहस्थांनी थेट १५ मार्चला २०,००० भरले. बाकी २२,४००.

बहुतेकजण इथेच थांबतात, पण व्याज अजून धरायचं आहे. ४२,४०० च्या ९० टक्के आगाऊ कर भरला नाही, म्हणून कलम २३४ब प्रमाणे २२,४०० वर एप्रिलपासून दरमहा १ टक्का. जुलैत भरला तर चार महिन्यांचे ८९६. जून, सप्टेंबर, डिसेंबरचे हप्ते चुकले आणि मार्चचा अपुरा पडला, त्याबद्दल २३४क नुसार १,९३७. सगळं मिळून २५,२३३. दहाच्या पटीत २५,२३०.

नुसते २२,४०० भरले तर? कायद्यानुसार त्यातून आधी व्याज वळतं होतं, मग कर; म्हणजे २,८३३ रुपयांचा कर थकलेलाच राहतो आणि मागणीची नोटीस येऊ शकते.

हिशेबाआधी २६एएस आणि एआयएस उघडून टीडीएस व आगाऊ कर जुळवून घ्या. पोर्टलवर e-Pay Tax मध्ये Self-Assessment Tax, कोड 300 निवडा. 100 हा आगाऊ कराचा. आकारणी वर्ष २०२५-२६ घ्या, २०२४-२५ नव्हे. चलनावरचा बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक विवरणपत्रात आला आहे ना, हे पाहूनच ते दाखल करा.