मेमोरियल तपासताना प्रार्थनेपासून सुरुवात करा

मूट कोर्टाच्या स्पर्धेत लोकांना दिसतात ती काळा कोट घालून उभी राहिलेली, ‘माय लॉर्ड’ म्हणत बोलणारी मुलं. त्याआधीच त्या मुलांनी आपल्या बाजूचा लेखी युक्तिवाद पाठवलेला असतो. त्याला मेमोरियल म्हणतात. कित्येक स्पर्धांत तोंडी फेरीला कोण येणार हे मेमोरियलच्या गुणांवरच ठरतं. वर्गातल्या मूटलाही तेच लागू आहे. बार कौन्सिलच्या नियमांत एका मूटला दहा गुण आहेत, त्यातले पाच लेखी कामाला आणि पाच बोलण्याला.

हा मसुदा पहिल्यांदा तपासायला घेतात तेव्हा बहुतेक मुलं मुखपृष्ठापासून सुरुवात करतात. स्वल्पविराम लावत, इटॅलिक्स दुरुस्त करत वस्तुस्थितीच्या पानापर्यंत पोचतात आणि तिथवर डोळे मिटायला लागतात. म्हणून पहिली दहा पानं चकचकीत आणि मागची पंधरा जशीच्या तशी, अशी मेमोरियलं परीक्षकांच्या हाती पडतात. खरं तर महागात पडणाऱ्या चुका मागेच असतात. माझा आग्रह असा की तपासणी शेवटच्या पानापासून, म्हणजे प्रार्थनेपासून सुरू करावी.

एक प्रश्न घेऊन पाहू. समजा, मूटच्या काल्पनिक राज्यात सरकारने परिपत्रक काढलं की प्रत्येक सरकारी कार्यालयात शिरताना चेहरा ओळखणाऱ्या यंत्रासमोर उभं राहावं लागेल. यामागे कायदा नाही, नुसतं परिपत्रक. एका नागरिक संघटनेने अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तुमच्याकडे याचिकाकर्त्याची बाजू आहे.

प्रार्थनेत तीन मागण्या आहेत: परिपत्रक रद्द करा, जमवलेली माहिती नष्ट करा, यंत्रणेवर देखरेखीला समिती नेमा. आता प्रत्येक मागणीवर बोट ठेवून मागे जा आणि ती कुठल्या युक्तिवादातून आली ते शोधा. परिपत्रकाचं सापडेल, कारण सगळा भर त्यावरच असतो. माहिती नष्ट करण्याबद्दल कदाचित एक ओळ सापडेल. समितीबद्दल काहीच नसेल, ती मागणी एखाद्या जुन्या मेमोरियलमधून आलेली असेल. खंडपीठ नेमकं तिथेच विचारतं, ‘कौन्सेल, हे आम्ही कशाच्या आधारावर द्यायचं?’ आधार नसेल तर मागणी काढा, नाहीतर युक्तिवाद लिहा.

मग अनुक्रमणिका, मुद्दे, युक्तिवादाचा सारांश आणि युक्तिवादांचे मथळे हे चारही भाग छापून शेजारी शेजारी ठेवा. पडद्यावर वरखाली सरकवत पाहिलं तर फरक निसटतो. मसुदा लिहिताना दुसरा मुद्दा ‘खासगीपणाचा भंग होतो का’ असा असतो. पुढे कुणीतरी त्यात समानतेचा प्रश्न मिसळून मथळा बदलतं आणि सारांश जुनाच राहतो. संघात तिघं असतात आणि तिघांनी तीन भाग लिहिलेले असतात, तेव्हा हे होणारच.

अधिकारक्षेत्राच्या निवेदनाकडे मात्र वेगळं पाहावं लागतं. अनुच्छेद ३२ ची याचिका असेल तर पक्षकार ‘याचिकाकर्ता’ असतो, अनुच्छेद १३६ खाली अपील आलं असेल तर ‘अपीलकर्ता’. मागच्या वर्षीचा साचा वापरला असेल तर Ctrl+F करून Appellant शोधा, कुठल्यातरी कोपऱ्यात तो दबा धरून बसलेला असतो. प्रतिवादीच्या मेमोरियलमध्ये याहून गंभीर घोळ होतो. पहिला युक्तिवाद ‘ही याचिका चालूच शकत नाही’ असा, आणि अधिकारक्षेत्राच्या पानावर ‘प्रतिवादी या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र नम्रपणे मान्य करतो’ असं वाक्य. याचिकाकर्त्याचं पान उचलून प्रतिवादीला चिकटवल्याची ही खूण आहे आणि मुरलेल्या परीक्षकाला ती लगेच दिसते.

आता तळटीपा. मेमोरियलचा कस इथे लागतो, म्हणून वेळही इथेच घालवावा. नियम एकच: प्रत्येक तळटीपेतला निकाल उघडायचा, दिलेल्या परिच्छेदावर जायचं आणि वरचं वाक्य त्यातून निघतं का ते पाहायचं. दीडशे तळटीपा असल्या तरी वाटून घेऊन हे करावं. फक्त ज्याने तळटीप लिहिली त्याने ती तपासू नये.

आपल्या प्रश्नात पुट्टस्वामी खटला येणारच, आणि तिथेच खड्डा आहे. या नावाचे दोन मोठे निकाल आहेत. पहिला २४ ऑगस्ट २०१७ चा, नऊ न्यायाधीशांचा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं त्यात एकमताने ठरलं. त्याचा संदर्भ (२०१७) १० एससीसी १. दुसरा २६ सप्टेंबर २०१८ चा, आधार कायद्यावरचा, पाच न्यायाधीशांचा, (२०१९) १ एससीसी १. दोन्हींत याचिकाकर्ता एकच आणि समोर भारत सरकारच. दोन्हींत न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी विस्ताराने लिहिलं आहे. पण २०१७ मध्ये त्यांचं मत स्वतःसह चार न्यायाधीशांचं होतं, तर आधारच्या निकालात ते एकट्याचं भिन्नमत आहे, कारण तिथे बहुमताने कायदा बव्हंशी टिकवला. मसुद्यात ‘न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात ठरवलं आहे’ असं लिहून खाली आधारच्या भिन्नमतातला उतारा आलेला असतो. समोरच्या संघाने हे पकडलं तर तुमचा सगळ्यात बळकट युक्तिवाद त्यांच्या उपयोगी पडतो. भिन्नमत उद्धृत करायला बंदी नाही. ते भिन्नमत आहे हे तळटीपेत लिहायला हवं, आणि बहुमत सोडून खंडपीठाने ते का ऐकावं हेही सांगायला हवं.

२०१७ चा निकाल बरोबर पकडला तरी काम संपत नाही. त्यात सहा स्वतंत्र मतं आहेत. राज्याने खासगीपणावर मर्यादा घातली तर ती कोणत्या कसोट्यांवर टिकते याचं उत्तर मुलं ‘चार कसोट्या’ असं देतात: कायद्याचा आधार, वैध उद्दिष्ट, प्रमाणबद्धता आणि गैरवापराविरुद्ध कार्यपद्धतीची हमी. एससीसीच्या परिच्छेद ३१० मध्ये न्या. चंद्रचूड यांनी तीन सांगितल्या आहेत. कार्यपद्धतीच्या हमीची चौथी न्या. कौल यांच्या मतात, परिच्छेद ६३८ मध्ये येते. तेव्हा ‘चार कसोट्या, परिच्छेद ३१०’ अशी तळटीप चूक आहे. मूळ निकालपत्रात प्रत्येक न्यायाधीशाच्या मताला स्वतंत्र क्रमांक आहेत, एससीसीत ते सलग आहेत. एकाने न्यायालयाच्या संकेतस्थळावरची प्रत वाचली आणि दुसऱ्याने एससीसी, तर एकाच मेमोरियलमध्ये दोन मोजपट्ट्या येतात. कोणती प्रत वापरायची हे ठरवून सगळे क्रमांक तिच्याशी जुळवा.

पुढचा प्रश्न, निकाल अजून जिवंत आहे का. प्रतिवादीच्या बाजूने लिहिणाऱ्यांना खडकसिंग खटल्याचा (एआयआर १९६३ एससी १२९५) मोह होतो, कारण खासगीपणा हा हमी दिलेला हक्क नाही असं त्यात म्हटलं होतं. तेवढा भाग २०१७ मध्ये उलथवला गेला. रात्री-अपरात्री घरी जाऊन पोलिसांनी करायच्या तपासणीची तरतूद खडकसिंगमध्ये रद्द झाली होती, तो भाग कायम आहे. म्हणजे खटला अर्धा मेला आहे, आणि जो अर्धा जिवंत आहे तो याचिकाकर्त्याच्या कामाचा. आणीबाणीतला एडीएम जबलपूर (१९७६) तर संपूर्ण गेला. त्यातल्या न्या. खन्ना यांच्या भिन्नमताला मात्र आज मोठा मान आहे. त्यामुळे खटल्याच्या नावापुढे एक खूण करून भागत नाही, कुणाचं मत आणि कोणता भाग हे पाहावं लागतं.

कायद्यांचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि पुरावा कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम. पण मसुद्यातलं प्रत्येक जुनं कलम नव्याने बदलायचं नसतं. गुन्ह्याची तारीख १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर दंड संहिताच लागते. प्रश्नपत्रिकेत दिलेली तारीख पाहून ठरवा. आयटी कायद्याचं कलम ६६ अ तर २०१५ मध्ये श्रेया सिंघल निकालाने गेलंय, तरी अजून मेमोरियलांत भेटतं.

तळटीपांच्या क्रमांकांचं दुखणं वेगळं. ‘supra note 14’ लिहिल्यावर मधे दोन तळटीपा वाढल्या की १४ ची १६ होते, पण मजकुरात १४ तशीच राहते. वर्डमध्ये तो क्रमांक Cross-reference मधून घातला असेल तर कर्सर तळटीपेत ठेवून Ctrl+A आणि F9 दाबून दुरुस्त होतो. हाताने टाइप केला असेल तर हातानेच शोधायचा. ब्लूबुक मागितलं असेल तर खटल्यांसाठी supra सहसा वापरतच नाहीत, संक्षिप्त नाव देतात. भारतात हे सर्रास मोडलं जातं आणि चोखंदळ परीक्षक त्याचे गुण कापतात.

वस्तुस्थितीच्या निवेदनासाठी एक साधी युक्ती पुरते. प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने प्रश्नपत्रिकेतला परिच्छेद लिहा. ज्या वाक्याला क्रमांक मिळत नाही ते तुमच्या मनातलं आहे. प्रश्नात ‘माहिती फुटल्याच्या बातम्या आल्या’ असं असेल आणि तुम्ही ‘माहिती फुटली’ लिहिलं असेल, तर ती वस्तुस्थिती राहिली नाही. ‘सरकारने मनमानीपणे’ हे शब्दही इथे नकोत, ते युक्तिवादात ठेवा.

भाषा सगळ्यात शेवटी. स्पेलचेक जे पकडत नाही ते मुद्दाम शोधा: trial च्या जागी trail, statute च्या जागी statue, आणि public मधला गळालेला l, ज्याने भर कोर्टात हसू होतं. मग मोठ्याने वाचा. वाक्य एका दमात संपलं नाही तर तोडा.

पाठवायची ती फाइल पीडीएफ असते, म्हणून शेवटची नजर वर्डवर नको, पीडीएफवर टाका. रूपांतरात अनुक्रमणिकेचे पानक्रमांक सरकतात. पानमर्यादा, तळटीपांचा टाइप, फाइलला द्यायचं नाव हे सगळं स्पर्धेच्या नियमांची प्रत समोर ठेवून बघा, कारण इथे ज्ञानाचे नाही, सरळ दंडाचे गुण जातात. बऱ्याच स्पर्धांत कॉलेजची ओळख उघड झाली तर संघ बाद होतो. मुखपृष्ठावर संघाचा कोड बरोबर असतो, पण File मधल्या Properties मध्ये Author म्हणून एखाद्या मुलीचं पूर्ण नाव किंवा कॉलेजचं नाव तसंच राहतं. ते पुसा.

आणि वेळ संपत आली असेल तर एकच करा: जो निकाल संघातल्या कुणीही उघडून वाचलेला नाही, त्याची तळटीप काढून टाका.