दिवाळीचं भक्तिगीत लिहायचंय? मग आधी पणती नीट बघा

समजा, एका सोसायटीतल्या भजनी मंडळाला दिवाळीसाठी नवा अभंग हवा आहे. मंडळातल्या एका हौशी गीतकाराने पहिलं कडवं लिहून आणलं:

दारी पणत्यांची
रांग ही सोन्याची
शोभा अंगणाची
किती छान

अक्षरं बरोबर, यमक बरोबर, चालीतही चपखल बसतं. फोटोखाली कॅप्शन म्हणूनही चालेल. मग अडचण काय?

अडचण बघायला एक सोपी युक्ती आहे. या कडव्यातली 'पणत्यांची' काढा आणि तिथे 'तोरणांची' घाला. 'दारी तोरणांची रांग ही सोन्याची'. काहीही बिघडलं नाही. झेंडूची तोरणं असोत, आकाशकंदील असोत की विजेच्या माळा, कडवं जसंच्या तसं उभं राहतं. म्हणजे या गाण्याला दिव्याची गरजच नव्हती. दिवा इथे फक्त सजावटीचं सामान आहे.

हे लक्षात आलं की बहुतेक जण दुसऱ्या टोकाला जातात. अंगण सोडतात आणि थेट तत्त्वज्ञानात शिरतात:

ज्ञानाचा प्रकाश
पडो मनावरी
तिमिराते वारी
दयाघना

ऐकायला भारदस्त आहे. पण यात दिवा कुठे आहे? 'प्रकाश म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे अज्ञान' हे समीकरण इतकं वापरून झालंय की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. पहिल्या कडव्यात पणती होती पण मन नव्हतं. दुसऱ्यात मन आहे पण पणती गेली.

दिवा दिसतो कसा, की चालतो कसा?

या दोन्हींच्या मधली वाट मराठीत सातशे वर्षांपूर्वीच सापडलेली आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्या चौथ्या अध्यायात, देव अवतार का घेतो हे सांगताना, ज्ञानेश्वर दिवाळीची उपमा देतात. त्या उपमेतला क्रम बघण्यासारखा आहे. तिथे देव आल्या आल्या दिवा लावत नाही. तो आधी अविवेकाची काजळी काढतो, मग विवेकाचा दिवा उजळतो आणि त्यानंतर योग्यांना कायमची दिवाळी दिसते.

काजळीचा हा उल्लेख वरवरचा नाही. ज्याने घरात दिवा सांभाळलाय त्यालाच ठाऊक असतं की दिवा विझण्याआधी बराच वेळ मंद झालेला असतो, आणि त्याचं कारण वातीच्या टोकावर जमलेली काजळी असते. ज्ञानेश्वरांनी दिव्याचं रूप घेतलं नाही, दिव्याचं काम घेतलं. दिवा कशावर चालतो, कशाने बिघडतो आणि बिघडला की काय करावं लागतं, याच गोष्टी मनालाही लागू पडतात. सोनेरी रांग मनाला लागू पडत नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी पाटी-पेन्सिल बाजूला ठेवून एक पणती लावावी आणि तासभर तिच्याकडे बघावं. हा सल्ला ऐकायला नाटकी वाटतो, पण पुढचं सगळं गाणं त्या तासातून येतं.

साचा: सहा, सहा, सहा, चार

वरची दोन्ही कडवी ज्या साच्यात आहेत त्याला छंदशास्त्रात देवद्वार छंद म्हणतात. वारकरी याला मोठा अभंग म्हणून ओळखतात. चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं.

मोजताना अक्षर लघु आहे की गुरू, हे बघायचं नाही. जोडाक्षर एकच धरायचं. 'पणत्या' म्हणजे प, ण, त्या अशी तीन अक्षरं, जरी बोलताना आपण 'पण्-त्या' म्हणत असलो तरी. संतांच्या अभंगांत कुठे अक्षर कमी-जास्त होतं आणि गाताना ते सांभाळून घेतलं जातं. पण नव्याने लिहिणाऱ्याने आधी मोजून लिहावं. सूट नंतर घेता येते.

या साच्याचा मोठा फायदा चौथ्या चरणात आहे. सहा अक्षरांच्या तीन चरणांनंतर तो अचानक लवकर संपतो, त्यामुळे तिथे आलेला शब्द मनात राहतो. सजावटीच्या कडव्यात त्या जागी 'किती छान' आलं होतं. सगळ्यात महागडी जागा सगळ्यात स्वस्त शब्दाला दिली होती.

पणतीतून निघालेली कडवी

आता पुन्हा सुरुवात. अंगणातली रांग ठेवायला हरकत नाही, पण तिने काहीतरी उघडं पाडायला हवं:

अंगणी पणत्या
ओळीने लाविल्या
खोल्या विसरल्या
काळजाच्या

इथे 'तोरणे' घालून बघा. अर्थ लंगडा पडतो, कारण खोली विसरली जाते ती दिवा लावताना. संध्याकाळी घरभर दिवा फिरवायचा आणि एखादी खोली राहून जायची, हा रोजचा अनुभव त्या ओळीमागे आहे. शिवाय बोलणारा इथे स्वतःची चूक कबूल करतो. भजनात हे महत्त्वाचं, कारण कबुलीशिवाय मागणं येत नाही.

पुढचं कडवं पणतीच्या मातीतून येतं. नवी पणती लावण्याआधी घरोघरी ती काही तास पाण्यात भिजत घालतात. कारण भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. कोरडी पणती वातीआधी स्वतःच तेल पिते आणि बाहेरून तेलकट होते. पणती भरलेली असते, दिवा मात्र लवकर विझतो.

कोरडी पणती
तेलच शोषते
तसे माझे रिते
मन देवा

मिळालेलं सगळं स्वतःच पिऊन टाकणारं आणि तरीही उजेड न देणारं मन, हे चित्र 'अज्ञानाचा तिमिर' या शब्दांनी कधीच आलं नसतं. मात्र पणती भिजवायची पद्धत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना हे कडवं थोडं अडेल. मेणाच्या तयार दिव्यांवर वाढलेल्या श्रोत्यांपुढे गाताना आधी एक वाक्य सांगून टाकावं. त्यात कमीपणा नाही, कीर्तनकारही तेच करतात.

गाण्याचा गाभा तिसऱ्या कडव्यात आहे. पणतीत जळतं काय? पटकन उत्तर येतं, वात. पण मुख्यतः जळतं ते तेल. कापसाच्या धाग्यांतून तेल वर चढतं, टोकाशी तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. तेल येत राहतं तोवर वात फार हळू झिजते. तेल संपलं की मग वात स्वतः जळू लागते, काळी पडते, धूर सोडते आणि वास सुटतो.

तेल आहे तोंच
वात शांत जळे
संपता काजळे
मीपणाने

भक्ती असेपर्यंत माणूस उजेडाचं निमित्त असतो. ती संपली की तो स्वतःच्याच जोरावर जळायला जातो आणि उजेडाऐवजी धूर होतो. एवढं सगळं सांगायला 'भक्ती' हा शब्द कडव्यात वापरावा लागला नाही. 'मीपणाने' हा एकच शब्द मनाकडे बोट दाखवतो, आणि तो चौथ्या चरणात आहे.

इथेच बऱ्याच जणांचा पाय घसरतो. पुढच्या कडव्यात तेल म्हणजे प्रेम, त्याच्या पुढे तेल म्हणजे पुण्य, मग वात म्हणजे श्वास, मध्येच चंद्र आणि कमळ. प्रत्येक ओळ सुटी छान असते, पण ऐकणारा हरवतो. वात एकदा 'मी' झाली की शेवटपर्यंत ती 'मी'च राहायला हवी. तपासायचं असेल तर कडवी एका खाली एक लिहा आणि प्रत्येक वस्तूसमोर तिचा अर्थ लिहा. एका वस्तूसमोर दोन अर्थ आले तर एक कडवं जायला हवं, मग ते कितीही आवडतं असलं तरी.

काजळी आणि दिव्याखालचा अंधार

मंद झालेल्या दिव्याचं काय करतात? काडीने किंवा बोटाने वातीचं टोक झाडतात आणि वात किंचित पुढे सरकवतात. चटका बसतो. ज्योत मात्र लगेच उंच होते.

काजळी झाडता
बोट पोळे थोडे
परी ज्योत चढे
पुन्हा वर

पहिल्या खर्ड्यात इथे 'देवा तू काजळी झाड' असं मागणं असू शकतं. ज्ञानेश्वरांच्या उपमेत काजळी देवच काढतो, त्यामुळे ते चुकीचंही नाही. पण दिव्याच्या बाबतीत झाडणारं बोट आपलं असतं आणि चटकाही आपल्यालाच बसतो. तो चटका ठेवला की गाणं गोडगोड होण्यापासून वाचतं. फक्त 'थोडे' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या जागी हाल आणि वेदना आणल्या असत्या तर सणाच्या पहाटे ते कुणी गायलं नसतं.

शेवटी बहुतेक गाणी 'सारा अंधार गेला' असं म्हणून मोकळी होतात. पणती तसं म्हणू देत नाही. तिच्या बुडाशी सावली राहतेच, दिवा कितीही मोठा असला तरी. म्हणून शेवट असा:

दिव्याखाली छाया
उरे ती उरू दे
तिथेही असू दे
पाय तुझे

चौथा चरण आधी 'तुझे पाय' असा सुचतो. अर्थ तोच. पण गाताना शेवटचा स्वर लांबवायचा असतो आणि 'पाय' मधल्या 'य'वर आवाज मिटतो. 'तुझे' मधला 'ए' उघडा राहतो आणि टाळकऱ्यांना त्यावर थांबता येतं. लिहून झाल्यावर आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात गाणं दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं की असे अडथळे आपोआप कळतात. कागदावर ते दिसत नाहीत.

राहिली नाममुद्रा. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं, म्हणून नव्या अभंगातही सवयीने 'तुका म्हणे' किंवा 'एका जनार्दनी' घातलं जातं. पण 'तुका म्हणे' ही तुकोबांची सही आहे आणि 'एका जनार्दनी' ही एकनाथांची. दुसऱ्याने ती वापरली आणि गाणं व्हॉट्सॲपवर फिरलं, की दोन दिवाळ्यांत ते संतांच्या नावावर जमा होतं आणि मग खरं-खोटं निवडणं अवघड होऊन बसतं. स्वतःचं नाव घालावं, नाहीतर वरच्यासारखं देवालाच हाक मारून थांबावं.

असं गाणं गायचं कधी? दिवाळी पहाट आहेच. शिवाय कोजागरी ते त्रिपुरी पौर्णिमा या महिन्यात अनेक गावांत पहाटेचा काकडा असतो आणि दिवाळी बरोबर त्याच्या मध्यावर येते. काकडा म्हणजे मुळात तुपात भिजवलेली कापडाची जाड वात. तिथे जमलेल्यांना तेल, वात आणि काजळी समजावून सांगावी लागत नाही.