बँकेतले चौदा लाख कोणाचे?

तालुक्याच्या गावातलं एक वसतिगृह. चाळीस मुलं, एक अधीक्षक, स्वयंपाकाला दोन बाया आणि सातजणांचं विश्वस्त मंडळ. संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली. दरवर्षी परिशिष्ट आठमधला ताळेबंद आणि परिशिष्ट नऊमधलं उत्पन्न-खर्च पत्रक तयार होतं, त्यांच्या मागे ‘हिशेबावरील टिपा’ म्हणून दोन पानं जोडली जातात. ही दोन पानं सहसा कोणी वाचत नाही. मी अशा संस्थांचे हिशेब लिहितो, आणि माझं सर्वांत जास्त लक्ष या दोन पानांवरच असतं.

या वसतिगृहाच्या जुन्या टिपा हाती आल्या तेव्हा पहिल्याच पानावर होतं, ‘मालसाठ्याचे मूल्यांकन खरेदी किंमत अथवा बाजारभाव यांपैकी कमी असलेल्या रकमेने केले आहे.’ वसतिगृहाकडे विकायचा मालच नाही. कोणत्या तरी व्यापारी पेढीच्या टिपा जशाच्या तशा उतरवल्या होत्या. पुढची ओळ होती, ‘हिशेब उपार्जित पद्धतीने ठेवले आहेत.’ म्हणजे उत्पन्न ज्या वर्षी मिळण्याजोगं झालं, त्याच वर्षी ते पूर्ण धरायचं. पण मुदत ठेवींवरचं व्याज ९८,००० रुपये असताना जमेला ८८,२०० दिसत होते. बँकेने टीडीएस कापून खात्यात टाकलेली रक्कमच किर्दीत आली होती. उरलेले ९,८०० आयकर खात्याकडून परत मिळायचे असतात. ते व्याजात धरून ‘येणे’ दाखवले नाहीत, तर पुढे परतावा मागायची आठवणही कोणाला राहत नाही. धोरण लिहिलेलं एक आणि वहीतलं दुसरं, हे ओळखायला २६एएसमधला व्याजाचा आकडा किर्दीशी ताडून पाहिला की पुरतं.

हे दुरुस्त करणं सोपं होतं. खरं काम निधींच्या टिपेत होतं.

त्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ अखेर, मंडळाला छतावर सौर बंब बसवायचा होता. अंदाज १,८०,००० रुपयांचा. खजिनदार काका निश्चिंत होते. ‘साहेब, चौदा लाखांच्या ठेवी आहेत आपल्या. एक मोडली की झालं,’ असं ते म्हणाले. ठेवी होत्याच. बचत खात्यात आणखी १,३१,००० होते आणि तिजोरीत ४,००० रोख. एकूण १५,३५,०००.

ताळेबंदाच्या डाव्या बाजूला मात्र कायम निधी ९,००,०००, शिष्यवृत्ती निधी ५,००,००० आणि इमारत निधी ४,२०,००० असे तीन आकडे होते. बेरीज १८,२०,०००. म्हणजे राखून ठेवायला हवेत सव्वाअठरा लाखांच्या आसपास आणि हाताशी पैसे साडेपंधरा लाखांच्या आसपास. निधी जास्त आणि पैसा कमी दिसला की एक तर निधीचा पैसा दुसरीकडे खर्च झालेला असतो, नाही तर ज्या कामासाठी निधी होता ते काम होऊनही निधी कमी केलेला नसतो. टिपांमध्ये फक्त ‘निधी मागील वर्षाप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं. या तीन शब्दांवर माझा मोठा राग आहे. वाचणाऱ्याला ज्यासाठी टीप हवी असते, तेच ते झाकून टाकतात.

खतावणी उघडली. दिवाळीनंतर मुलांसाठी नवी स्नानगृहं बांधली होती, खर्च ३,६०,००० रुपये. बिलं, धनादेश, ठराव सगळं जागच्या जागी. खर्च स्थावर मालमत्तेत चढवला होता, तेही बरोबर. पण इमारत निधीतून तेवढी रक्कम उचलून ‘भांडवली कामासाठी वापरलेला निधी’ या खात्यात नेलेली नव्हती. त्यामुळे देणगीदारांनी दिलेला पैसा एकाच वेळी भिंतींतही होता आणि कागदावर शिल्लकही. बदल केल्यावर इमारत निधीत खरे उरले ६०,०००.

शिष्यवृत्ती निधीची अडचण उलटी होती. गावच्या एका निवृत्त शिक्षकाने पाच लाख देताना पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की मुद्दल कायम राहावं आणि व्याजातूनच मुलींना शिष्यवृत्ती द्यावी. व्याज मात्र सर्वसाधारण उत्पन्नात मिसळत होतं आणि शिष्यवृत्ती ‘शैक्षणिक मदत’ म्हणून सर्वसाधारण खर्चात जात होती. वेगळं काढल्यावर हिशेब असा लागला: आधीच्या वर्षांचं न वापरलेलं व्याज १२,०००, या वर्षाचं सात टक्क्यांनी ३५,०००, वाटलेली शिष्यवृत्ती २५,०००. शिल्लक २२,०००. हे बावीस हजार आतापर्यंत संस्थेची बचत म्हणून दिसत होते, पण ते मुलींचे आहेत. आयकराच्या विवरणात हे व्याज उत्पन्नातच धरावं लागतं, टिपेने त्यात फरक पडत नाही. पण देणगीदाराला दिलेला शब्द पाळला की नाही, हे कळायला या चार आकड्यांशिवाय दुसरी जागा नाही.

कायम निधीबाबत एकच गोष्ट तपासली, पण कसून तपासली. देणगी कायम निधीत न्यायची तर देणगीदाराची तशी लेखी सूचना हवी. मार्चअखेर खर्च कमी पडला म्हणून मंडळाने ठराव करून साध्या देणग्या कायम निधीत टाकायच्या, ही पळवाट मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती टिकत नाही. शिवाय २०२१-२२ पासून आयकर कायद्याने हा निधी कायद्यात सांगितलेल्या गुंतवणुकींतच आणि खास त्या निधीसाठी म्हणून वेगळा ठेवणं आवश्यक केलं. इथे नऊ लाखांची पत्रं फायलीत सापडली. मग टिपेत प्रत्येक निधीसमोर त्याच्या ठेवपावतीचा क्रमांक आणि मुदत लिहिली. नऊ लाखांच्या पावत्या कायम निधीच्या, पाच लाखांची शिष्यवृत्तीची. चौदा लाख तिथेच संपले.

त्यानंतर काकांसमोर कागद ठेवून वजाबाकी केली. हाताशी १५,३५,०००. त्यातून कायम निधी ९,००,०००, शिष्यवृत्ती व्याजासह ५,२२,००० आणि इमारत निधी ६०,००० वजा केले. उरले ५३,०००. चाळीस मुलांची प्रत्येकी हजार रुपये अनामत, म्हणजे ४०,०००, कधीही परत द्यावी लागेल. मंडळाला मोकळेपणाने खर्चता येतील असे १३,००० रुपये.

काका बराच वेळ त्या तेरा हजारांकडे पाहत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे ठेव मोडली असती तर त्या मास्तरांचे पैसे आपण छपरावर चढवले असते.’

टिपेचा अंतिम मसुदा असा झाला: ‘निर्दिष्ट हेतूसाठी मिळालेल्या देणग्या स्वतंत्र निधीत दाखवल्या आहेत. त्यावरील व्याज, देणगीदाराची तशी अट असल्यास, त्याच निधीत जमा केले आहे. निधीतून भांडवली काम झाल्यावर तेवढी रक्कम वापरलेल्या निधीत वर्ग केली आहे.’ खाली प्रत्येक निधीची आरंभीची शिल्लक, वर्षातली भर, खर्च, अखेरची शिल्लक आणि ठेवपावती. आधी काय चुकीचं दाखवलं होतं आणि किती रकमेने बदललं, तेही एका परिच्छेदात लिहिलं. काही विश्वस्तांना तो परिच्छेद नको होता, पण तो ठेवावाच लागतो. नाही तर गेल्या वर्षीचा ताळेबंद शेजारी ठेवणाऱ्याला इमारत निधी एकदम एवढा का घटला, हे कळणारच नाही.

सौर बंबासाठी मंडळाने वेगळी देणगी मागायचं ठरवलं, आणि तिचा निधी पहिल्याच पावतीपासून वेगळा उघडला.

तुम्ही एखाद्या संस्थेला ठरावीक कामासाठी पैसे देत असाल, तर धनादेशासोबत हेतू लिहिलेलं पत्र द्या, त्याची पोच घ्या, आणि पुढच्या वर्षी ताळेबंदाबरोबर टिपांची पानंही मागा. त्यात तुमच्या निधीची आरंभीची आणि अखेरची शिल्लक नसेल, तर खजिनदारांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.