दहाव्या मिनिटानंतर कोण उरतं?

यूट्यूबवर चॅनेल चालवणारे दोघे भेटले की चहा येण्याआधी प्रश्न येतो, ‘तुम्ही किती मिनिटांचे करता?’ उत्तरं ठाम असतात. कुणी आठ म्हणतं, कुणी बारा, कुणी ‘हल्ली कोण बघतंय हो’ म्हणून चारवर येतं. यातल्या आठाला निदान एक कारण आहे. व्हिडिओच्या मधोमध जाहिरात लावायची असेल तर तो पूर्वी किमान दहा मिनिटांचा लागायचा, जुलै २०२० पासून आठ मिनिटं पुरतात. पण हा जाहिरातीचा हिशोब झाला. प्रेक्षक किती वेळ बसतो हे त्यातून कळत नाही, आणि ते कळण्यासाठी दुसऱ्याच्या चॅनेलकडे बघायचीही गरज नसते. आपलेच जुने व्हिडिओ लांबीप्रमाणे गटांत विभागायचे आणि गटागटांची तुलना करायची. कृती सोपी आहे, निष्कर्ष मात्र हमखास चुकतो. कुठे चुकतो ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, पाककृतींचं एक मराठी चॅनेल आहे. दोन वर्षांत ६४ व्हिडिओ टाकले आहेत. शॉर्ट्स आणि थेट प्रक्षेपणं आधीच बाजूला काढली, कारण त्यांचा प्रेक्षक वेगळ्या वाटेने येतो आणि वेगळ्या रीतीने बघतो. यूट्यूब स्टुडिओत Analytics मध्ये जाऊन Advanced mode उघडलं की सगळ्या व्हिडिओंचा तक्ता दिसतो, आणि तो फाइल म्हणून उतरवूनही घेता येतो. त्यातले दोनच रकाने आपल्याला हवेत: Duration, म्हणजे व्हिडिओची लांबी सेकंदांत, आणि Average percentage viewed, म्हणजे सरासरी किती टक्के भाग पाहिला गेला. लांबी D रकान्यात असेल तर गट पाडायला एक ओळ पुरते:

```
=IF(D2<360,"3-6",IF(D2<540,"6-9",IF(D2<780,"9-13","13+")))
```

हे आकडे आभाळातून पडलेले नाहीत. गट पाडण्याआधी सगळ्या लांब्या चढत्या क्रमाने लावून त्यांवरून नजर फिरवावी लागते. बऱ्याच चॅनेलांवर आठ मिनिटं पाच सेकंद, आठ मिनिटं बारा सेकंद असे व्हिडिओ दाटीवाटीने सापडतात. ते का, हे वर आलंच आहे. सहा मिनिटांचा मजकूर ताणून आठ केलेला असतो. असा ढीग दिसला तर त्याचा वेगळा गट करावा, नाहीतर ताणल्याचा दोष लांबीच्या माथी बसतो. आपल्या उदाहरणात तसा ढीग नाही असं धरू.

प्रत्येक गटातून सरासरी घेण्याऐवजी मधला आकडा, म्हणजे मीडियन, घ्यायचा. एखादा व्हिडिओ अचानक चालतो, लाखो लोकांपर्यंत जातो, आणि त्यातल्या बहुतेकांना ना चॅनेल माहीत असतं ना पदार्थात रस असतो. ते लवकर निघून जातात. म्हणजे सर्वांत गाजलेल्या व्हिडिओचीच टक्केवारी कमी दिसते आणि तो एकटा साऱ्या गटाची सरासरी खाली ओढतो. मधल्या आकड्याला त्याने फारसा फरक पडत नाही.

आता निकाल. तीन ते सहा मिनिटांच्या गटात १४ व्हिडिओ, सरासरी ५४ टक्के भाग पाहिलेला. सहा ते नऊच्या गटात २२ व्हिडिओ, ४६ टक्के. नऊ ते तेराच्या गटात १९ व्हिडिओ, ३६ टक्के. तेराच्या वर ९ व्हिडिओ, २५ टक्के. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘छोटे व्हिडिओ चालतात’ असं जाहीर करून मोकळे होतात.

पण टक्केवारी लांबीबरोबर घसरणारच, कारण छेदात लांबीच बसली आहे. तीन मिनिटं बसलेला माणूस चार मिनिटांच्या व्हिडिओत ७५ टक्के भरतो आणि बारा मिनिटांच्या व्हिडिओत २५ टक्के. माणूस तोच, बैठकही तेवढीच. उलट काही जण नुसती मिनिटं बघतात. तिथे बहुधा लांब व्हिडिओ जिंकतो, कारण चार मिनिटांच्या व्हिडिओत पाच मिनिटं बसायची सोयच नाही. टक्के छोट्याच्या बाजूने झुकतात, मिनिटं लांबच्या बाजूने. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशी करताना नुसत्या व्ह्यूजपेक्षा पाहण्याच्या वेळेला वजन द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून मिनिटांची मोहिनी वाढली. त्यातून पसरट व्हिडिओंचं पीक आलं, ते आपण सगळ्यांनीच भोगलं आहे.

म्हणून दोन्ही आकडे एकत्र ठेवून प्रश्न बदलायचा: लांबी वाढवली, तर त्यातली किती वाढ प्रेक्षकाने खरोखर पाहिली? पहिल्या गटाची मधली लांबी ४ मिनिटं ४५ सेकंद आहे आणि पाहिलेला वेळ २ मिनिटं ३४ सेकंद. दुसऱ्या गटात लांबी ७:२० आणि पाहिलेला वेळ ३:२२. म्हणजे १५५ सेकंद जास्त दिले, त्यातून ४८ सेकंद परत आले. तिसऱ्या गटात लांबी १०:५०, पाहिलेला वेळ ३:५४. २१० सेकंद जास्त दिले, ३२ परत आले. चौथ्या गटात लांबी १६ मिनिटं आणि पाहिलेला वेळ ४:००. पाच मिनिटं दहा सेकंद जास्त शूट केलं, एडिट केलं, आणि प्रेक्षकाने त्यातून फक्त सहा सेकंद घेतले.

आता चित्र वेगळं दिसतं. सातपर्यंतची वाढ पचते, अकरापर्यंतची थोडीफार, पुढे काहीच नाही. इथे ‘आपली कमाल मर्यादा अकरा मिनिटं’ असं लिहून टाकायचा मोह होतो. त्याआधी त्या शेवटच्या नऊ व्हिडिओंची नावं वाचावीत. त्यातले चार दिवाळीच्या फराळाचे आहेत: चकली, अनारसे, करंजी, चिवडा. उरलेले पाच म्हणजे बाजारहाट, नव्या स्वयंपाकघराची ओळख, असं गप्पाटप्पांचं. फराळाचे चारही व्हिडिओ ५:१० ते ६ मिनिटांच्या दरम्यान पाहिले गेलेत, संपूर्ण चॅनेलवर सर्वांत जास्त. गप्पांचे पाच २:१० पासून ४:०० पर्यंत. मधला आकडा ४:०० आला तो गप्पा पाच आणि फराळ चार म्हणून. गप्पांचे कुठलेही दोन कमी केले तर तोच आकडा ५:१० होतो. एवढ्याने जो निष्कर्ष पालथा पडतो त्याला निष्कर्ष म्हणू नये. प्रत्येक गटातून एकदोन व्हिडिओ काढून आकडा कितपत हलतो ते पाहणं ही सर्वांत स्वस्त परीक्षा आहे, आणि दहापेक्षा कमी व्हिडिओंचे गट त्यात बहुधा नापास होतात.

लांबी आपण चिठ्ठ्या टाकून ठरवलेली नसते, ही यातली खरी अडचण आहे. अनारशाला वेळ लागतो म्हणून तो व्हिडिओ लांब झाला, आणि अनारसे जमत नाहीत म्हणून माणूस शेवटपर्यंत बसला. जाळी का पडत नाही ते त्याला हवंच आहे. तिथे लांबी आणि बैठक दोन्ही पदार्थामुळे आल्या. म्हणून विषयाचे गट आधी पाडायचे आणि मग त्यांच्या आत लांबीचे. ६४ व्हिडिओंत हे फार बारीक करता येत नाही, पण रोजची भाजी-आमटी, सणाचं आणि गप्पा एवढे तीन कप्पे नक्की होतात.

मधल्या दोन गटांत मात्र सगळे रोजचेच पदार्थ आहेत, त्यामुळे ती तुलना बरीच सरळ आहे. तरी तिथेही एक पायरी उरते, आणि मला सगळ्यात उपयोगी तीच वाटते. टक्के आणि सरासरी दोन्ही सोडून घड्याळातल्या एकाच क्षणी किती लोक उरले ते पाहायचं. प्रत्येक व्हिडिओच्या रिटेन्शनच्या आलेखावर कर्सर नेला की त्या क्षणाचा आकडा दिसतो. ४१ आलेख हाताने वाचायला एक संध्याकाळ जाते, पण जाऊ द्यावी.

समजा आकडे असे आले. तिसाव्या सेकंदाला सहा-नऊच्या गटात ७२ टक्के लोक होते, नऊ-तेराच्या गटात ५८. तीन मिनिटांना ४६ आणि ३७. सहा मिनिटांना ३३ आणि ३१. पहिल्या अर्ध्या मिनिटात लांब गटाने चौदा टक्क्यांचा फटका खाल्ला. पण तीनपासून सहापर्यंत छोट्या गटाने ४६ पैकी १३ गमावले आणि लांब गटाने ३७ पैकी फक्त ६. म्हणजे जे टिकले ते लांब व्हिडिओतच जास्त घट्ट बसले. (छोट्या गटातले काही व्हिडिओ सहा मिनिटांना संपत आलेले असतात आणि समारोपाची चाहूल लागताच लोक उठतात, तेवढी सूट द्यायला हवी.) तिसाव्या सेकंदाला निघून जाणारा माणूस लांबीला कंटाळलेला नसतो. लांबी त्याने क्लिक करण्याआधीच थंबनेलच्या कोपऱ्यात वाचलेली असते. ज्याला ती नको होती त्याने क्लिकच केलं नाही, आणि तो हिशोब click-through rate च्या रकान्यात सापडेल, रिटेन्शनमध्ये नाही. मग हे १९ व्हिडिओ उघडून पहिलं मिनिट पाहायचं. तिथे बहुधा आजोळची आठवण, चॅनेल सबस्क्राइब करा, मागच्या रविवारची भाजी कशी झाली हे सगळं सापडतं आणि कढई सव्वा मिनिटाने दिसते. ज्या व्यक्तीला आपण दहा मिनिटं बोलू असं वाटतं ती सुरुवात सैल करते. लांबीचा दोष म्हणून जे दिसत होतं त्यातला मोठा भाग सुरुवातीचा निघाला.

एक जागा यातही फसवी असते. काही आलेखांत मध्येच उंचवटा येतो, क्वचित तो १०० टक्क्यांच्याही वर जातो. लोक मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा पाहतात तेव्हा असं होतं. मिठाचं प्रमाण पटकन सांगितलं की हमखास होतं. त्याने पाहिलेला वेळ वाढतो आणि व्हिडिओ आवडल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात चमचा किती हे कुणाला ऐकू आलेलं नसतं.

जुन्या व्हिडिओंतून एवढंच निघतं, आणि त्यातून एक अंदाज हाती येतो. तो तपासायचा तर पुढचे व्हिडिओच लागतात. थंबनेलच्या दोन आवृत्त्या एकमेकींसमोर तपासायची सोय यूट्यूबने दिली आहे, लांबीची दिलेली नाही. मग ती हाताने करायची: रोजच्या भाजी-आमटीचे पुढचे आठ व्हिडिओ एकाआड एक सात आणि अकरा मिनिटांचे, सगळ्यांत कढई पहिल्या वीस सेकंदांत. मध्ये सण येणार नाही असे आठवडे निवडायचे. प्रत्येकाचे पहिल्या २८ दिवसांचेच आकडे घ्यायचे, कारण वर्षभराने शोधातून येणारा प्रेक्षक निराळा असतो, हवी ती पायरी पाहून जातो. तिसाव्या सेकंदाचे आकडे दोन्हीकडे सारखे आले आणि अकरा मिनिटांच्या व्हिडिओंत पाहिलेला वेळ मिनिटभराने तरी वाढला, तर अकरा परवडतात. पंधरा-वीस सेकंदच वाढला, तर ती चार मिनिटं एडिटरच्या टेबलावरच कापलेली बरी.