बाकीचं सांगतो कानात

वाढदिवसाच्या घरगुती जेवणात ग्लास उंचावून जोडीदारासाठी दोन शब्द बोलायची पद्धत आता मराठी घरांतही रुळते आहे. बरेच जण तिथे अडखळतात, कारण ते भाषण करायला जातात. लाडिक बोलणं भाषणात मावत नाही. ते मिनिटाच्या आत, चार जणांदेखत, पण एकाच माणसाशी बोलायचं असतं.

आपल्याकडे ही कला उखाण्यात आहेच. नवऱ्याचं नाव उच्चारू नये असा दंडक होता, त्या काळातही लग्नात, डोहाळजेवणात, मंगळागौरीत ते यमकात गुंफून घ्यायची मुभा होती. बाकीच्यांनी आग्रह करायचा, तिने आढेवेढे घ्यायचे आणि मग दोन ओळींत मोकळं व्हायचं. प्रेम उघड होई, तपशील झाकलेला राही. टोस्टची सगळी गंमत मला या झाकण्यातच दिसते.

समजा, बायकोचा चाळिसावा वाढदिवस आहे, टेबलाभोवती तीन जोडपी आहेत. औक्षण झालं, केक कापला, ग्लास भरले. गरम जेवण यायच्या आधीच बोलावं. नंतर अर्धं लक्ष ताटात जातं. ग्लासात सोलकढी असली तरी चालतं. नवरा उठतो आणि तिच्याकडे बघत म्हणतो:

“इतकी वर्षं तू विचारतेस, ‘ही साडी कशी दिसते?’ आणि मी दरवेळी ‘छान’ म्हणतो. आज सगळ्यांसमोर कबूल करतो, साडीकडे मी अजून एकदाही बघितलेलं नाही.

मित्र बसलेत समोर, म्हणून बोलतो मापात,
...चं नाव घेतो, बाकीचं सांगतो कानात.”

ठिपक्यांच्या जागी तिचं नाव. साडीची गोष्ट प्रत्येक घरात घडते, म्हणून मित्रांना लगेच कळते. ‘साडीकडे बघितलेलं नाही’ म्हटल्यावर क्षणभर वाटतं, आता याला बोलणी बसणार. मग तो बघत कुणाकडे होता, हे सगळ्यांच्या ध्यानात येतं. ‘सुंदर’ हा शब्द न वापरता तो तेच सांगून जातो. उखाण्यानंतर खरंच वाकून कानात काहीतरी बोलावं. मित्र ‘काय म्हणालास?’ म्हणून गलका करतील, सांगू नये.

बिघडतं ते थट्टेचा विषय चुकला की. वजन, वय, स्वयंपाक, सासर यांवरची कोपरखळी चारचौघांत लागते. शयनगृहातलं काही निघालं, तर पाहुणे ताटाकडे बघू लागतात. फक्त दोघांनाच कळणारा विनोद केला, तर बाकीचे उपरे होतात. आणि ती हसण्याआधी इतरांचे चेहरे बघत असेल, तर तिला अवघडल्यासारखं झालंय. तिथेच ‘चिअर्स’ म्हणून थांबावं.

जोडीदार मुळातच बुजरा असेल, तर साडीचं वाक्य घरून निघतानाच, दोघंच असताना म्हणावं. मित्रांसमोर उखाणा पुरतो.