भागाकारात काय हरवतं?

दोस्तांनो, आधी एक कोडं. खाली तीन फलंदाजांचे स्ट्राइक रेट दिले आहेत. तिघेही एकाच सामन्यात खेळले. पहिल्याचा स्ट्राइक रेट २४४.४४, दुसऱ्याचा ११७.०५ आणि तिसऱ्याचा फक्त ७९.५१. या तिघांपैकी दोघे हरलेल्या संघात होते आणि एक जिंकलेल्या संघात. सांगा बघू, जिंकलेला कोणता?

बहुतेकांनी पहिल्यावर किंवा दुसऱ्यावर बोट ठेवलं असेल. उत्तर आहे तिसरा! सामना होता २ एप्रिल २०११ चा, मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना. पहिला फलंदाज श्रीलंकेचा थिसारा परेरा, दुसरा श्रीलंकेचाच महेला जयवर्धने आणि तिसरा आपला गौतम गंभीर. मग आकडे खोटं बोलले का? छे! आकडे अगदी बरोबर आहेत. ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, एवढंच आपल्याला ओळखता यायला हवं.

स्ट्राइक रेट म्हणजे शंभर चेंडूंमागे किती धावा. काढायची रीत सोपी: काढलेल्या धावांना खेळलेल्या चेंडूंनी भागायचं आणि शंभरने गुणायचं. गंभीरने १२२ चेंडूंत ९७ धावा केल्या. ९७ भागिले १२२, गुणिले १००, म्हणजे ७९.५१. शाळेत शिकलेलं गुणोत्तरच आहे हे. वर अंश म्हणून धावा आणि खाली छेद म्हणून चेंडू.

गोलंदाजाचा इकॉनॉमी रेट हा याचाच सख्खा भाऊ. दिलेल्या धावांना टाकलेल्या षटकांनी भागलं, की एका षटकामागे किती धावा गेल्या ते कळतं. षटकात सहा चेंडू असतात, म्हणून एक शंभर चेंडूंमागे मोजतो आणि दुसरा सहा चेंडूंमागे, इतकाच फरक. गोलंदाजाचा इकॉनॉमी रेट ६ असेल, तर त्याच्यासमोर धावा शंभर चेंडूंना शंभर या वेगाने निघाल्या असं समजा.

आता एक गंमत बघा. भागाकार करताना आपल्या हातात दोन संख्या असतात. उत्तर आलं, की एकच उरते. मग दुसरी कुठे गेली? इथेच पहिली गोष्ट हरवते.

परेराचे २४४.४४ कसे आले? तो डावाच्या अगदी शेवटी आला आणि ९ चेंडूंत नाबाद २२ धावा ठोकून गेला. फटकेबाजी जोरदार होती यात शंकाच नाही. पण चेंडू फक्त नऊ! त्याच संघाचा सलामीवीर उपुल थरंगा २० चेंडू खेळून २ धावांवर बाद झाला होता. त्याचा स्ट्राइक रेट १०. आता कुणी विचारलं, की या दोघांचा मिळून स्ट्राइक रेट किती, तर झटकन काय कराल? २४४.४४ आणि १० यांची बेरीज करून दोनने भागाल. उत्तर येईल १२७.२२. ऐकायला झकास वाटतं, पण ते साफ चूक आहे. दोघांनी मिळून २९ चेंडूंत २४ धावा केल्या. २४ भागिले २९, गुणिले १००, म्हणजे ८२.७६. कुठे १२७ आणि कुठे ८३!

चूक कुठे झाली? छेद वेगवेगळे असताना आपण गुणोत्तरांची सरळ सरासरी काढली. थरंगाचे वीस चेंडू आणि परेराचे नऊ, पण आपण दोघांना सारखंच वजन दिलं. म्हणून लक्षात ठेवा, गुणोत्तरं एकत्र करायची असतील तर आधी सगळ्या धावांची बेरीज करा, मग सगळ्या चेंडूंची, आणि शेवटी भागाकार. स्ट्राइक रेटच्या शेजारी चेंडू किती ते लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्यावर फार भाळू नका.

आता वळू या गंभीरकडे. त्या दिवशी श्रीलंकेने ५० षटकांत ६ बाद २७४ धावा केल्या. आपल्याला जिंकायला २७५ हव्या होत्या, म्हणजे ३०० चेंडूंत २७५. शंभर चेंडूंमागे साधारण ९२ धावांचा वेग लागणार होता. गंभीरचा वेग ७९.५१. अकराही जण त्याच्याच वेगाने खेळले असते, तर ३०० चेंडूंत २३८ च्या आसपास धावा झाल्या असत्या आणि आपण हरलो असतो. तेव्हा स्ट्राइक रेटची तक्रार अगदीच बिनबुडाची नाही.

पण तो मैदानात आला कधी ते पाहा. डावाच्या दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग शून्यावर बाद झाला आणि गंभीर खेळायला आला. सातव्या षटकाच्या सुरुवातीला सचिनही गेला, तेव्हा धावसंख्या होती २ बाद ३१. दोन्ही सलामीवीर तंबूत परतले होते. तेव्हा गंभीर जोरात फटके मारायच्या नादात बाद झाला असता, तर पुढे काय झालं असतं याची कल्पना करा. विकेट गेली तर धाव करायची एक संधी कायमची संपते. पण स्ट्राइक रेटच्या गणितात ना अंशात विकेट आहे, ना छेदात. पहिल्या चेंडूला चौकार मारून दुसऱ्याला त्रिफळाचीत होणाऱ्याचा स्ट्राइक रेट २०० असतो, आणि दिवसभर टिकून राहणाऱ्याला टिकल्याबद्दल एकही गुण मिळत नाही.

दुसरं असं, की फलंदाज एकटा खेळत नसतो. गंभीर मैदानात होता तेव्हा समोरच्या टोकाला आधी सचिन, मग विराट कोहली आणि मग धोनी होता. गंभीर बाद झाला तेव्हा ४१.२ षटकांत ४ बाद २२३ झाल्या होत्या. तो आला तेव्हा ०.२ षटकांत शून्य होत्या. म्हणजे बरोबर ४१ षटकांत संघाच्या २२३ धावा झाल्या. षटकामागे ५.४४! आणि डावाच्या सुरुवातीला गरज किती होती? २७५ भागिले ५०, म्हणजे ५.५. आलं का लक्षात? गंभीरचा स्वतःचा वेग कमी होता, पण तो एक बाजू लावून धरत असताना संघाचा वेग जवळजवळ हवा तेवढाच राहिला. तो गेला तेव्हा ५२ चेंडूंत ५२ धावा हव्या होत्या आणि सहा विकेट हातात होत्या. बाकीचं काम धोनीने ७९ चेंडूंत नाबाद ९१ करून पुरं केलं. युवराज शेवटपर्यंत त्याच्या जोडीला होता. आपण दहा चेंडू राखून जिंकलो.

गोलंदाजांचंही असंच. झहीर खान आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा. अंतिम सामन्यात त्याने १० षटकांत ६० धावा दिल्या आणि २ बळी घेतले. इकॉनॉमी रेट बरोबर ६. श्रीलंकेच्या संपूर्ण डावाचा वेग षटकामागे ५.४८ होता. म्हणजे झहीर संघाच्या सरासरीपेक्षा महाग पडला, असं कुणीही म्हणेल.

आता त्याची दहा षटकं दोन भागांत वाटू या. पहिल्या पाच षटकांत त्याने तीन षटकं निर्धाव टाकली, फक्त ६ धावा दिल्या आणि थरंगाला बाद केलं. इकॉनॉमी १.२. उरलेल्या पाच षटकांत ५४ धावा गेल्या. इकॉनॉमी १०.८. एका बाजूला १.२, दुसऱ्या बाजूला १०.८, आणि कागदावर उमटला ६! त्या दिवशी झहीरचा एकही टप्पा ६ च्या जवळपास नव्हता. शिवाय त्याची शेवटची षटकं डावाच्या अखेरीला होती. तेव्हा फलंदाज विकेटची पर्वा न करता बॅट फिरवतात. श्रीलंकेने शेवटच्या पाच षटकांत ६३ धावा लुटल्या. अशा वेळी कुणाला तरी गोलंदाजी करावीच लागते, आणि कर्णधार चेंडू देतो तो भरवशाच्या गोलंदाजाच्या हातात. अवघड काम अंगावर घेणाऱ्याचा इकॉनॉमी रेट बिघडतो, आणि काम अवघड होतं हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

विकेटची गोष्टही तीच. मुनाफ पटेलने ९ षटकांत ४१ धावा दिल्या, इकॉनॉमी ४.५६, बळी एकही नाही. युवराजने १० षटकांत ४९ धावा दिल्या, इकॉनॉमी ४.९, पण ४८ धावांवर जमलेला संगकारा आणि त्यानंतर समरवीरा असे दोघे टिपले. इकॉनॉमीच्या यादीत मुनाफ वर, युवराज खाली. पण जमलेला फलंदाज गेला, की पुढची काही षटकं नवा फलंदाज जपून खेळतो. त्या वाचलेल्या धावा दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाच्या खात्यात जमा होतात. विकेट काढणाऱ्याच्या इकॉनॉमीला त्याचा फायदा मिळेलच असं नाही.

तर मग हे आकडे टाकून द्यायचे का? मुळीच नाही. पुढच्या वेळी गल्लीत किंवा शाळेच्या मैदानावर सामना असेल, तेव्हा एकाने वही घेऊन बसावं. प्रत्येक फलंदाजापुढे धावा आणि चेंडू लिहाच, पण तो आला तेव्हाची आणि बाद झाला तेव्हाची संघाची धावसंख्या आणि षटकंही लिहा. गोलंदाजाच्या प्रत्येक षटकाच्या धावा वेगळ्या मांडा. मग ‘तू फार हळू खेळलास’ किंवा ‘तू फार मार खाल्लास’ असं म्हणायच्या आधी ती वही एकदा उघडा.

आणि हो, जाता जाता एक गणित घरच्यांसोबत सोडवा. त्याच सामन्यात श्रीलंकेच्या कुलशेखराने ८.२ षटकांत ६४ धावा दिल्या. ६४ ला ८.२ ने भागलंत तर ७.८० येईल, पण खरा इकॉनॉमी रेट ७.६८ आहे. असं का? अहो, ८.२ षटकं म्हणजे आठ षटकं आणि दोन चेंडू. दोन चेंडू हा षटकाचा कितवा भाग, ते आई-बाबांना आधी विचारा. बघा तरी, ते फसतात का!